दोन कॅरम

रागिणीनं चप्पल काढायच्या आधी भिंतीकडे पाहिलं. कॅरम एकच होता.

तिला वाटलंच होतं. चार दिवसांपूर्वी याच खोलीत शिवमचा सातवा वाढदिवस झाला. अमरावतीहून बसमध्ये मांडीवर सांभाळत आणलेला कॅरम तिनं भाच्याच्या पुढ्यात ठेवला, तेव्हाच कोपऱ्यात तसंच चौकोनी पुडकं दिसलं होतं. कॅरमला कितीही चकचकीत कागद लावा, तो कॅरमच दिसतो. ते दुसरं पुडकं अकोल्याच्या आकांक्षाचं, म्हणजे भावजय गीतांजलीच्या सख्ख्या बहिणीचं. शिवम कागद फाडायला धावला, तशी गीतांजलीनं "सगळे गेले की मंग" म्हणत दोन्ही पुडकी आत नेली. आत्याला म्हणाली, "काहून एवढा खर्च केला?" मावशीलाही शब्दाला शब्द तेच. एवढी सारखी वागणूक पाहून रागिणीच्या मनात पाल चुकचुकली.

आज बाळापुरात कुणाला तरी पत्रिका द्यायची आहे, असं निमित्त काढून ती भावाच्या घरी आली होती. आली होती तपासायलाच.

गीतांजली पाणी आणायला आत वळताच तिनं कॅरम ओढून उलटा केला. मागं अमरावतीच्या दुकानाचा स्टिकर होता. म्हणजे हा आपलाच. पण स्टिकर काय, काढून दुसऱ्यावरही लावता येतो. तिनं नखानं कोपरा खरडून पाहिला. पक्का होता.

"तुमचाच हाय तो, ताई," दारातून गीतांजली म्हणाली.

रागिणी ओशाळली, पण क्षणभरच. "मंग आकांक्षाचा कुठी गेला? देल्ला कोणाले?"

"देऊन कसा टाकीन? गावात कोणाले देल्ला असता, तं कधी ना कधी तिच्या कानावर गेलंच असतं." गीतांजलीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "दुसऱ्याच दिवशी तिले फोन केला. म्हटलं, कॅरम लय चांगला हाय, पण घरात दोन झाले, बदलू का? तिनंच बिल पाठवलं. सोंगट्यांची पिशवी फोडली नव्हती, पावडर टाकली नव्हती, अन् सात दिवसांच्या आत नेला, म्हणून घेतला दुकानदारानं. पैसे वापस नाही देत तो. तेवढ्याच किमतीच्या बॅडमिंटनच्या रॅकेट आणल्या. शिवमनं खेळतानाचा फोटो पाठवला मावशीले. खूश झाली ते."

सगळं बिनचूक होतं. कुणाचं मन दुखलं नव्हतं, वस्तू वाया गेली नव्हती, पोराला दोन खेळ मिळाले होते. बोट ठेवायला कुठं जागाच नव्हती. शिवाय राहिला तो आपलाच कॅरम. रागिणीला बरं वाटायला हवं होतं, पण ते काही वाटेना.

"मले काहून नाही केला फोन?"

"तुमचं दुकान पडलं अमरावतीले. अकोला जवळ पडते."

"अमरावतीले माहं घर हाय ना? मीच देल्ला असता बदलून."

गीतांजली पदराशी चाळा करत राहिली. "तुमाले राग आला असता, ताई."

"तिले नाही आला?"

"ते बहीण हाय माही. तिले काहीही सांगता येते." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. "तुमी बसा. चहा ठेवतो."

रागिणी बसली. याच घरात ती लहानाची मोठी झाली होती, आणि इथंच आता तिच्याशी बोलताना माणसं शब्द मोजत होती. तिचा कॅरम प्रेमानं नाही, भीतीनं ठेवला होता. तिला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की गीतांजलीचं काही चुकलं नव्हतं. फोन आला असता तर आपण महिनाभर अबोला धरला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चहा आला. ट्रेमध्ये सोनेरी काठाची कपबशी होती आणि बशीत बिस्किटं गोलाकार मांडली होती. गीतांजली स्वतः स्टीलच्या पेल्यातून चहा पीत दाराशी उभी राहिली.

"हे कपबशी ठेव आत," रागिणी म्हणाली. "मले तुह्या पेल्यातला दे अर्धा."

"उष्टा हाय, ताई."

रागिणीनं पुढं केलेला हात मागं घेतला नाही.