येताना दूध आण

शाळेपासूनचा मित्र लंब्या कितीतरी वर्षांनी परदेशातून आलाय, हे कळल्यापासून चष्मेवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. 'तुझं स्वागत आहे' असं त्याने फोनवर लिहिलं आणि खोडलं. स्वागत पाहुण्याचं करतात. 'सवडीने ये' हेही खोडलं. शेवटी पाठवलं, 'लंब्या, आलास म्हणे. ये मग. दार नुसतं लोटलंय. येताना दूध आण, चहा तूच करायचास.'

"अहो, दूध आहे की घरात," बायको म्हणाली.

"असू दे. पाहुण्याला कोणी दूध आणायला सांगत नाही."

लगेच उत्तर आलं, 'येतो.'

त्या दिवशी चष्मेवाल्याने आपलं चष्म्यांचं दुकान उघडलंच नाही. संध्याकाळी लोटलेलं दार ढकलून लंब्याची बहीण आत आली. हातात दुधाची पिशवी होती.

"दादा सकाळच्याच विमानाने परत गेला. घर विकायचं होतं, तेवढ्यापुरताच आला होता. हे तुमच्याकडे पोचवायला सांगितलंय. तुमचा निरोप घेतलाय म्हणाला."

चष्मेवाल्याने फोन पुन्हा उघडला. 'येतो.' निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे लंब्या इतकी वर्षं तिकडे राहूनही विसरला नव्हता.