विहिरीतला पानडबा

यंदाच्या दुष्काळात गावची विहीर तळाला गेली. गाळ काढताना सापडलेल्या दोन वस्तूंचा फोटो बसवंतनं गावच्या ग्रुपवर टाकला: एक बंद पितळी डबा अन् कात्रीसारखं काहीतरी. "ओळखा, हे काय हाय?" कुणी म्हणालं डॉक्टरचं हत्यार, कुणी म्हणालं निजामाचा खजिना.

निवृत्त कारकून ईश्वरप्पांना राहवलं नाही. ओसरीवर बसून त्यांनी बोलूनच मेसेज पाठवला. "अरे, तो अडकित्ता हाय. खालच्या दांडीवर सुपारी धरायची, वरचं पातं दाबायचं, की बारीक कातरण पडते. अन् डबा पानाचा. वरच्या ताटलीत चुना, कात, लवंग. ताटली उचलली की खाली ओल्या फडक्यात पानं. देठ खुडायचा, चुना-कात लावायचा, सुपारी घालून विडा बांधायचा. चुन्याच्या डबीचं झाकण मात्र उलटं फिरवा, लई अडतं ते."

लगेच बसवंतचा आवाज आला, "काका, डबा तर आम्ही अजून उघडलाच न्हाई. झाकणाचं तुम्हाला कसं कळलं?"

ईश्वरप्पांनी फोन पालथा ठेवला. शेजारी तूर निवडणाऱ्या त्यांच्या बायकोचे, कमलम्मांचे हात थांबले.



"लातूर जिल्हा झाला, तुम्ही नव्या साहेबाच्या हाताखाली गेलात, तवापासून माझे लाल दात तुम्हाला खुपायले," त्या म्हणाल्या, "अन् आईचा डबा एसटीत राहिला म्हणून निलंग्याच्या स्टँडवर दोन दिवस माझ्यासंगं हुडकत फिरलात!"