आमच्या हिनं

“आमच्या हिनं घाईत इस्त्री फिरवली हो,” लाँड्रीवाल्यानं वकीलबाईंना सांगितलं. “नाहीतर डाग निघाला असता.”

बाई फिक्या रंगाच्या कोटाच्या बाहीवरच्या तपकिरी डागाकडे बघत राहिल्या. मग पडद्याआड, जिथं त्याची बायको चादरींच्या घड्या घालत होती, तिकडे एक नजर टाकून कोट न घेताच निघून गेल्या. त्यांचं ऑफिस रस्त्यापलीकडेच होतं.

बायको बाहेर आली. कोट त्यानंच घेतला होता, डाग कशाचा हे विचारायचं तोच विसरला होता आणि सकाळी इस्त्रीही त्यानंच फिरवली होती. चहाच्या डागावर गरम इस्त्री फिरली की डाग कापडात कायमचा बसतो, हे त्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक असावं.

“माझं नाव घेतलंत.”

“अगं, बाईचं नाव सांगितलं की बाया फार ओरडत नाहीत. गिऱ्हाईक सांभाळायला लागतं.”

“तेव्हाही असंच केलंत. माझी आई गेली तेव्हा.”

झालं. त्यानं कपाळाला हात लावला. भाजी खारट होवो नाहीतर नळ गळो, कुठूनही निघालेलं भांडण इथंच मुक्कामाला यायचं.

“किती वर्षं तेच उगाळणार आहेस? माफी मागितली ना मी? पाया पडलो तुझ्या. आता काय जीव देऊ?”

“मागितलीत. पण कशाची?”

“कशाची म्हणजे? आई जास्त आजारी असल्याचा फोन आला, तू निघालीस, मी म्हटलं हॉटेलच्या चादरी द्यायच्यात, उद्या जाऊ. आणि त्या रात्रीच गेल्या. त्याची!”

पाठ केलेल्या धड्यासारखं त्यानं हे एका दमात म्हणून टाकलं. बायकोनं मान हलवली.

“ते मी केव्हाच सोडून दिलंय.”

तो चमकला. ती खोटं बोलत नव्हती. सोडून दिलेली गोष्ट तिच्या तोंडून कशी निघते ते त्याला माहीत होतं. तिची स्कूटर त्यानं एकदा तिला न विचारता विकली होती. केवढी रडली होती! पण त्या वेळी तो तिच्यासमोर बसला होता, मध्ये एक शब्द न बोलता तिचं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि पुन्हा कधी तिच्या वस्तूला परस्पर हात लावला नव्हता. आता ती गोष्ट तीच गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. भांडणात स्कूटर कधी आली नाही. यायची ती आईच, आणि आली की तिचा आवाज पहिल्या दिवसासारखा कापायचा.

मग ती माफी? त्यानं आठवून पाहिलं. ती बोलायला लागली होती. “तुम्ही दारात...” एवढंच म्हणाली होती, तेवढ्यात त्यानं तिचे हात धरले, चुकलं म्हणाला, पाया पडला. ती गप्प झाली. मिटलं एकदाचं, असं समजून तो जेवायला बसला होता.

त्यानं कोट काउंटरवर ठेवला आणि स्टूल ओढलं. “सांग. कशाची मागायला हवी होती?”

“दुसऱ्या दिवशी माहेरी पोचलो, तर दारात दादा होता. त्यानं विचारलं, काल का नाही आलात? तुम्ही म्हणालात, ‘हिलाच वाटलं उद्या जाऊ. हिला दुकान सोडवेना.’ मी मागंच चपला काढत होते. समोर आईला ठेवलेलं. तिथं तुम्हाला खोटं पाडत बसू? दादा तेव्हापासून माझ्याशी पाहुण्यासारखा बोलतो.”

त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. पण खोटं कसं म्हणणार? आता, याच काउंटरवर, तो तेच तर बोलला होता.

“मला आठवत नाही गं,” तो पुटपुटला.

“तुम्हाला कशाला आठवेल?” मग ती म्हणाली, “मीही ऊठसूट तेच काढते, चुकतं माझं. पण वाटायचं, एकदा तरी तुम्ही विचाराल.”

त्यानं मोबाइल घेतला. मेव्हण्याचा नंबर लावला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“दादा, आई गेल्या तेव्हा उद्या जाऊ असं मी म्हटलं होतं. ही बॅग भरून दारात उभी होती. मीच अडवलं. तुमच्याशी खोटं बोललो मी.”

“हे बाबा असताना सांगायचं होतंत,” दादा म्हणाला. “शेवटपर्यंत म्हणायचे, पोरीला आईपेक्षा दुकान प्यारं.”

हे बायकोलाही नवीन होतं. लाँड्रीवाल्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आयुष्यभर पुरेल इतकी लाज त्याला त्या एका क्षणात वाटली, आणि खरं ऐकायला म्हातारा सासरा आता कुठंच नव्हता.

“तिच्याकडे द्या,” दादा म्हणाला.

तिनं फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. ती बोलत नव्हती. बहुधा दादाही बोलत नव्हता. पण फोन कोणीच ठेवला नाही.

तिथं थांबणं त्याला जमेना. त्यानं डागाचा कोट हातावर घेतला आणि रस्ता ओलांडायला निघाला. खरं ऐकायला वकीलबाई तरी अजून होत्या.