दोन नोंदींमधलं पान

रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सावनीने वडिलांच्या वहीत बोट ठेवलं.

“बाबा, आईचं मरण इतकं मागे का?”

“निधनं वर्षाच्या शेवटी. तुझेच अरब इतिहासकार तसं करतात ना?” पुरुषोत्तम म्हणाले. अरब इतिहासकारांवरचा सावनीचा प्रबंध त्यांनीच टाइप केला होता. निवृत्तीनंतर त्याच धर्तीवर त्यांनी घराचा इतिहास लिहायला घेतला. ते इतिहासकार विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरू करत. हिजरतीपूर्वीचा, म्हणजे इस्लामी कालगणना सुरू होण्यापूर्वीचा काळ पैगंबर आणि राजांच्या क्रमाने, नंतरचा वर्षवार. पुरुषोत्तमांनी नागपूरचा काळ आजोबा आणि हेडमास्तरांच्या क्रमाने लावला, अमेरिकेत पाय ठेवल्यापासून प्रत्येक वर्षाला मथळा दिला.

२०१९च्या शेवटी पद्मजा, सावनीची आई, होती. मृत्यू १९ जानेवारी. खाली दोन वृत्तांत, प्रत्येकाआधी सांगणाऱ्यांची साखळी.

पहिला: ‘मिहीरने मला सांगितलं, त्याला प्रतिमाने. प्रतिमा म्हणाली, शेवटच्या आठवड्यात मी पद्मजाच्या खाटेशी बसून ऐकलं: मला व्हेंटिलेटर नको.’

दुसरा: ‘नर्सने मला सांगितलं: पेशंटला कुणी विचारलंच नाही.’

शेवटी: ‘खरं काय ते देव जाणे.’

व्हेंटिलेटर न लावण्याच्या कागदावर सही सावनीच्या भावाने, मिहीरने, केली होती, पहिल्या वृत्तांताच्या आधारावर. सावनी तेव्हा कैरोत होती.

साखळी तपासायची तर आधी माणसं भेटली होती का ते बघायचं. सावनीने मागची पानं उलटली. २०१९, फेब्रुवारी: ‘प्रतिमा नागपूरहून परतली. सोबत दोन किलो संत्रा बर्फी. कस्टम्सने काही विचारलं नाही.’ आणखी मागे, २०१८, नोव्हेंबर: ‘प्रतिमा नागपूरला गेली.’

वर्षाच्या मथळ्याने एकच प्रवास दोन वर्षांत तोडला होता. मधल्या जानेवारीत प्रतिमामावशी अमेरिकेत आईच्या खाटेशी असणं शक्य नव्हतं.

“फोनवर ऐकलं असेल,” पुरुषोत्तम म्हणाले.

“तुम्ही ‘खाटेशी बसून’ लिहिलंय.”

“मिहीरने सांगितलं तसं लिहिलं.”

“नोव्हेंबर तुम्हीच लिहिलात. फेब्रुवारीही. तुम्हाला दिसलं नाही?”

त्यांनी चष्मा पुसला. “मी नोंदी ठेवतो, बाळा. जोडत नाही.”

“आणि मिहीरचा वृत्तांत आधी का? तुम्हाला तोच खरा वाटला?”

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तिने भावाला मेसेज केला: “दादा, मावशी जानेवारीत कुठे होती?”

पुरुषोत्तमांनी वही ओढून घेतली. दुसऱ्या वृत्तांताखाली लिहिलं: ‘सावनी म्हणते, प्रतिमा तेव्हा नागपुरात होती.’ त्याखाली मिहीरच्या उत्तरासाठी तीन ओळी मोकळ्या सोडल्या.

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत मिहीरने मेसेज वाचला होता; ओळी अजून मोकळ्याच होत्या.