नवा गडी

"तुझ्या भावाला एक सरळ उत्तर देता येत नाही का गं?" ब्रोनाच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत आयमन कुरकुरला. नवराच तो, कुरकुरणारच.

तिचा भाऊ टायग शेतावर आईजवळ राहायचा. गायींचं, गवताचं विचारलं की नीट लिहायचा. "आई कशी आहे?" म्हटलं की मात्र लगेच विनोद यायचा आणि त्याच्या शेपटीला धरून पावसाची चौकशी. आजही तेच. "राणीसाहेब मजेत! नव्या गड्याला दम भरला, बूट पुसल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून. तुमच्या कॉर्क शहरात पाऊस काय म्हणतो?"

"थट्टा पुरे, खरं काय ते सांग, असं लिही त्याला," आयमन म्हणाला.

ब्रोनाने नकारार्थी मान हलवली. मागे तसं लिहिलं होतं, तेव्हा तो आठवडाभर गप्प झाला होता. ती आधी हसली, विनोद चांगलाच होता. मग लिहिलं, "बिचारा गडी! आईच्या हाताखाली राहणं सोपं नाही रे. त्याला कधी बोलावंसं वाटलं तर मी आहे. नाही वाटलं तरी आहे."

प्रश्नचिन्ह तिने मुद्दामच टाकलं नाही. फोन पालथा ठेवून ती ब्रेडचं पीठ मळायला लागली.

ब्रेड ओव्हनमधून बाहेर आला, तेव्हा फोन थरथरला.



"नवा गडी मीच आहे, ब्रोना. आई मला ओळखत नाही, आणि तिला एकटं सोडून मला फाटकापर्यंतही जाता येत नाही."