वाटाण्याएवढा सेल

लग्नातल्या भाषणाच्या कागदावर नवरीच्या मैत्रिणीने ‘प्रेम’ खोडून ‘जिव्हाळा’ लिहिलं, ‘आयुष्यभर’ खोडून ‘आजन्म’, ‘आनंद’ खोडून ‘हर्ष’. तिने वाचून दाखवलेलं ऐकून नवरी हसली, “अगं, हे तू बोलतेयस की शब्दकोश?” मैत्रिणीला दुसरे शब्द सुचेनात, तोवर सभागृहात तिच्या नावाचा पुकारा झाला. ती माइकपाशी पोचली, तोच नवरीने कानाला हात लावला; तिचं श्रवणयंत्र बंद पडलं होतं. शाळेपासूनच्या सवयीने मैत्रिणीचा हात पर्समधल्या सेलकडे गेला. पण नवरदेवाने आधीच खिशातून वाटाण्याएवढा सेल काढून यंत्रात बसवला होता. तिने कागदाची घडी घातली. “हा नेहमी हिच्या चांगल्या कानाच्या बाजूने चालतो. याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात सेल असतो. आणि ही हल्ली यंत्र काढून बिनधास्त बेसूर गाते.” “बेसूर काय गं?” डोळे पुसत नवरी पुटपुटली. “झालं माझं भाषण,” म्हणत मैत्रिणीने खाली उतरून आपला सेल नवरदेवाच्या तळहातावर ठेवला.