दुहेरी रेघ

"फोटो आधी उलटा धर. सरळ धरलास की मासा दिसतो, पोपट दिसतो. उलटा धरलास की काढणारीचा हात दिसतो. आणि भिंतीवरचं चित्र असलं तर टेबलाशी बसून निकाल देऊ नकोस. भिंतीपाशी जा. कबूल?"

हे काम शिकवणाऱ्या बाईंना ताईने तेव्हा "कबूल" म्हटलं होतं. आता बाई राहिल्या नव्हत्या. संग्रहालयातल्या त्यांच्या खुर्चीवर ताई बसत होती. समोर एक घरमालक आणि त्याची म्हातारी आई, आणि टेबलावर त्यांनी आणलेला फोटो.

"पणजीच्या हातचं आहे," घरमालक म्हणाला. "शंभर वर्षं तरी झाली. भिंत कापून देतो. गिऱ्हाईक तयार आहे, तुमचा दाखला तेवढा हवा."

ताईने भिंग घेतलं.

"ही मिथिला शैली, बिहारकडची. प्रत्येक आकाराला कडेने दोन रेघा, आणि मधली फट बारीक तिरप्या रेघांनी भरलेली. चेहरे बाजूने, पण डोळा पूर्ण. कमळाची पानं, मधून उभा गेलेला बांबू, भोवती मासे, पोपट, कासव. तीळ ठेवायला जागा सोडलेली नाही. नव्या जोडप्याच्या खोलीत काढतात हे. तुमच्या पणजी तिकडच्या होत्या?"

"असतील. त्या काळी लांबलांबून मुली आणायचे."

"आत्ताही आणतातच की," म्हातारी म्हणाली.

ताईने मान वर केली नाही. "ब्रश नाही वापरलेला. काडीला चिंधी गुंडाळली आहे. रेघ वीतभर चालते, सुकते, मग पुन्हा जाड होते. काळा रंग दिव्याच्या काजळीचा. पिवळा हळदीचा. लाल आहे तो हळदीत ओला चुना कालवून केलेला."

"तरीच," म्हातारीने मांडीवर हात मारला. "तरीच माझा हळदीचा डबा महिन्याच्या आत तळाला लागायचा. चुन्याची डबीसुद्धा. स्वयंपाकापुरती सोडत होते तिला, तेवढ्यात पदराला गाठ मारून न्यायची सटवी."

"आई, गप्प बस."

"मी कुठे काय बोलले? हळदीचं बोलले."

घरमालक हसला. "वय झालंय. काहीही बरळते."

ताईला हसू आलं नाही. हळद उजेडात टिकत नाही, वर्ष-दोन वर्षांत विटून जाते. शंभर वर्षांच्या भिंतीवर पिवळ्याचा डागही उरला नसता. फोटोतला पिवळा मात्र आत्ता कुटल्यासारखा ठसठशीत होता.

तिने फोटो उलटा धरला, खालची बाजू वर.

मधोमध लाल-पिवळं होतं. त्याच्याबाहेर नुसतं काळं. त्याच्याही बाहेर रंगच नव्हता. तेच मासे, त्याच दोन रेघा, पण टोकदार कशाने तरी गिलाव्यात कोरलेल्या. हळद बंद झाली, मग दिवा बंद झाला, मग नखं नाहीतर खिळा.

आणि चौकट. या चित्रांची चौकट चारी बाजूंनी सरळ असते. ही गोल होती, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत कमानीसारखी. खुंट्याला बांधलेली गाय दाव्याच्या लांबीएवढंच गवत खाते आणि पुढचं हिरवंच राहतं, तशी कमानीबाहेरची भिंत कोरी होती.

कडेच्या शेवटच्या माशाला एकच रेघ होती. दुसरी अजून व्हायची होती.

"फोटो कधीचा?" ताईने विचारलं.

"परवाचा."

"खोलीत कोण असतं?"

"कोणी नाही. रिकामीच आहे." घरमालकाने घड्याळ पाहिलं. "गुरुवारपर्यंत तर अगदीच रिकामी होईल. तेवढी सही करा ना."

ताईने नोंदवही उघडली. शैली लिहिली. रंग लिहिले. "चित्रकार" या रकान्यापाशी थांबली.

"नाव काय हो तिचं?"

घरमालक आईकडे बघायला लागला. आईने खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून.

"होतं बाई काहीतरी," ती म्हणाली. "आम्ही 'ए' म्हणतो. तेवढ्याने येते की. म्हणजे, यायची."

"अनामिक लिहा," घरमालक म्हणाला. "अनामिकाला भाव असतो म्हणतात."

ताईने रकाना मोकळाच ठेवला. फोटो वहीत घातला, वही काखेत मारली.

"सही?"

"भिंत बघितल्याशिवाय होत नाही. नियम आहे. चहा सांगते तुम्हाला, बसा निवांत."

नोंदवहीत घरमालकाने आल्याआल्याच स्वतःच्या हाताने पत्ता लिहून ठेवलेला होता, वळणदार अक्षरात. ताईने बाहेरून दार हळूच ओढून घेतलं. शिपायाला चहा सांगितला, चपला घातल्या आणि पोलीस चौकीवरून जाणाऱ्या रस्त्याने त्या भिंतीकडे निघाली.